कंसातला आकडा काय सांगतो?

सांगलीच्या एका शाळेत दहावीत शिकणाऱ्या एका मुलीने गेल्या महिन्यात मला मोबाईलवर एका तक्त्याचा फोटो दाखवला. प्रकल्पासाठी तिने तो एका संशोधन-लेखातून टिपला होता. तक्ता दोन जिल्ह्यांत जन्मलेल्या बाळांचा होता. तिचा प्रश्न सरळ होता : "सर, साताऱ्यापेक्षा सांगलीत मुली कमी जन्मतात, असं यावरून लिहू का?"

तो तक्ता असा होता. हिशेब सोपा व्हावा म्हणून मूळ आकडे बदलून मी सराव-गणिताचे आकडे घेतले आहेत. तेव्हा त्यांना खरे मानू नका.

सातारा : बाळे ४००, मुली ४९.० टक्के (२.५)
सांगली : बाळे ४००, मुली ४५.० टक्के (२.५)

फोटोत तक्त्याचा खालचा भाग कापला गेला होता. कंसातले २.५ म्हणजे काय, हे सांगणारी टीप नेमकी तिथेच असणार. पण हातात कागद-पेन्सिल असेल तर टीप नसतानाही कंसाचा अर्थ काढता येतो.

आधी टक्के तपासू. ४०० चे ४९ टक्के म्हणजे १९६ मुली, म्हणून मुलगे २०४. दर हजार मुलग्यांमागे मुली काढायच्या तर १९६ ला २०४ ने भागून हजाराने गुणा. उत्तर ९६१. सांगलीत १८० मुली आणि २२० मुलगे, म्हणजे ८१८. पाहा, टक्क्यांत ४९ आणि ४५ हा फरक चारचाच वाटत होता. तोच हजारांच्या भाषेत १४३ झाला! माहिती तीच, फक्त मापपट्टी बदलली. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत बहुधा ही दुसरी मापपट्टी वापरतात, म्हणून फरक डोळ्यांत भरतो.

आता कंसाकडे वळू. ४०० बाळे म्हणजे जिल्ह्यातली सगळी बाळे नव्हेत. पाहणी करणाऱ्यांनी काही घरे निवडली आणि त्यांत ४०० बाळांची नोंद मिळाली. दुसरी घरे निवडली असती तर ४९ ऐवजी ४७ किंवा ५१ आले असते. हा निवडीमुळे होणारा हेलकावा किती, ते मोजण्याचे सूत्र असे आहे : मुलींचा अंश p आणि बाळांची संख्या n असेल, तर

√( p × (1 − p) / n )

साताऱ्यासाठी ०.४९ × ०.५१ = ०.२४९९. त्याला ४०० ने भागून वर्गमूळ काढले की ०.०२५, म्हणजे २.५ टक्के येतात. कंसातला आकडा तंतोतंत हाच! म्हणजे लेखकाने कंसात 'प्रमाण त्रुटी' दिली आहे. आपण जिला त्रुटीची मर्यादा म्हणतो ती साधारण याच्या दुप्पट, म्हणजे अधिक-उणे ५ असते. शंभर वेळा अशी पाहणी केली तर सुमारे ९५ वेळा खरा आकडा या मर्यादेत सापडतो. काही लेखक कंसात थेट ही दुप्पट मर्यादाच देतात. म्हणून सूत्राने पडताळल्याशिवाय कंसावर विसंबू नका.

विश्वास बसत नसेल तर वर्गात करून पाहा. चाळीस जणांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवावे आणि सगळे छापे मोजावेत. नाणे अगदी निर्दोष असले तरी बरोबर २०० छापे क्वचितच येतील. १८० ते २२० मध्ये काहीही आले तर नवल नाही. ४०० चे ५ टक्के म्हणजे २०, तीच ही मर्यादा.

तर साताऱ्याचा खरा आकडा ४४ ते ५४ आणि सांगलीचा ४० ते ५० यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. साताऱ्याची ही कक्षा हजारांत मांडली तर ती ७८६ पासून ११७४ पर्यंत पसरते! आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या फरकाचे काय? फरकात दोन्हींकडचा हेलकावा येतो. दोन प्रमाण त्रुटींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा : ६.२५ अधिक ६.२५ म्हणजे १२.५, त्याचे वर्गमूळ सुमारे ३.५. दुप्पट केले की ७. म्हणजे फरक ४, अधिक-उणे ७. तो उणे ३ पासून ११ पर्यंत काहीही असू शकतो, आणि शून्यही त्यात आले. या तक्त्यावरून सांगली मागे आहे असे लिहिता येत नाही. ती मागे नाही, असेही लिहिता येत नाही.

ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे, कारण खरा फरक होताच. २००१ च्या जनगणनेत ० ते ६ वयाच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागे मुली साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ होत्या. १९९१ मध्ये सांगलीचा आकडा ९२४ होता. दहा वर्षांत ७३ ची घट! गर्भलिंग-निदानाच्या गैरवापराबद्दल या भागाचे नाव तेव्हा वारंवार घेतले गेले, ते उगीच नव्हे. जनगणनेत घरोघर मोजणी होते, त्यामुळे नमुना निवडण्याचा हेलकावा तिच्यात नसतो. (लहान मुले मोजायची राहून जाणे ही चूक मात्र तिथेही होते.) आता हेच आकडे टक्क्यांत पाहा : साताऱ्यात मुली ४६.८ टक्के, सांगलीत ४६.०. फरक अवघा ०.८! वरच्याच रीतीने उलट हिशेब करा. फरकाची मर्यादा ०.८ वर आणायची तर प्रत्येक जिल्ह्यात ३१ हजारांहून अधिक बाळांची नोंद हवी. ४०० बाळांच्या पाहणीत हा फरक कसा दिसणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ मध्ये, महाराष्ट्रातली ३१,६४३ घरे पाहिली गेली. ३६ जिल्ह्यांत वाटली तर सरासरी ८८० घरे. एवढ्या घरांत पाच वर्षांत जन्मलेली बाळे काही शेकडेच भरणार. राज्याचा आकडा त्यातून बरा निघतो. मात्र एका जिल्ह्याचे जन्माचे प्रमाण मागच्या फेरीपेक्षा शंभराने वाढले किंवा घटले, तर आधी हा हिशेब करावा.

मर्यादेत न येणारी एक चूकही आहे. नमुना पाहणीचे थोर शास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले. पीककापणीच्या प्रयोगांत त्यांनी दाखवले की फार लहान तुकडा कापला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येते, कारण कडेवरची रोपे आत धरली जातात. असे तुकडे हजारो घेतले तर मर्यादा बारीक होईल, पण उत्तर चुकीचेच राहील. जन्माच्या पाहणीतही आईने दगावलेल्या मुलीचा उल्लेख टाळला, तर अधिक-उणे ५ मध्ये तो धरलेला नसतो.

मी त्या मुलीला तक्ता खालच्या टिपेसकट पुन्हा टिपून आणायला सांगितले. त्या राष्ट्रीय पाहणीच्या तक्त्यांत कंसाचा अर्थ तर अगदीच वेगळा असतो. तिथे टक्केवारीच कंसात असेल, तर ती फक्त २५ ते ४९ जणांवर आधारलेली असते, आणि २५ हूनही कमी असतील तर आकड्याच्या जागी नुसती फुली छापतात. ३६ जणांसाठी वरचे सूत्र वापरून मर्यादा काढा : अधिक-उणे १७ च्या जवळपास येईल.