पगारपत्रकात 942 रुपये कमी : पेरोलला मेल कसा लिहाल?

पगारात गफलत झाली की आपल्याकडे पहिली धाव एचआरच्या टेबलाकडे असते. तिथे उत्तर मिळतं, ‘पगार पुण्याहून होतो, मेल टाका.’ अमरावतीच्या नांदगाव पेठ एमआयडीसीतले कारखाने असोत की अकोल्यातली शोरूम आणि खासगी दवाखाने, बऱ्याच ठिकाणी हजेरी इथे लागते आणि हिशेब दुसऱ्या शहरात होतो. हिशेब करणाऱ्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं. त्याच्यासमोर फक्त आकडे असतात, म्हणून मेलमध्येही आकडेच बोलले पाहिजेत. ‘माझा पगार कमी आला, कृपया लक्ष द्यावे’ या मेलवर पेरोलवाला काहीच करू शकत नाही, कारण किती कमी आणि कशात कमी हे त्यालाच शोधावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात तपासणीचं काम करणाऱ्या ताईंचा ठरलेला पगार 24,800 रुपये आहे. त्यात मूळ पगार 14,880 आणि घरभाडे भत्ता 9,920. महिना जुलै 2025चा, म्हणजे 31 दिवसांचा. तेव्हाच्या नियमाने पगार 21,000च्या वर असल्याने ईएसआयसीची कपात नाही. ताईंनी 22 जुलैला एक बिनपगारी रजा घेतली. पत्रकावर मात्र ‘पेड डेज 29’ आणि हातात आलेला पगार 21,330.

पत्रक हातात आलं की आधी खालचा आकडा पाहण्याची घाई करू नका. आधी ‘पेड डेज’ पाहा, कारण पुढचे सगळे आकडे तिथूनच निघतात. एक रजा, मग दोन दिवस का कापले? हजेरी उघडली तर 14 जुलैला सकाळचा पंच आहे, संध्याकाळचा नाही. सुटताना बोट मशीनवर लागलं नाही की अनेक ठिकाणी यंत्रणा तो अख्खा दिवस गैरहजर धरते.

दुसरी चूक कपातीच्या रकान्यात आहे : व्यवसाय कर 200 रुपये. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 पासून महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही. पुरुषांना तो 10,000च्या वर महिना 200 आणि फेब्रुवारीत 300, असा वर्षाला 2,500 लागतो. सॉफ्टवेअरमध्ये कर्मचारी स्त्री की पुरुष हा रकाना चुकीचा भरला गेला किंवा रिकामा राहिला, तर बाईच्या पगारातूनही दरमहा 200 जात राहतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ही चूक दिसली की एप्रिल 2023 पासूनची सगळी जुनी पत्रकं काढून बघाच. ओव्हरटाइममुळे एखाद्या महिन्यात पगार 25,000च्या वर गेला असेल, तर त्या महिन्याचा कर मात्र बरोबर आहे. तो मागू नका.

आता मागायचे किती? एका दिवसाचे 24,800 भागिले 31, म्हणजे 800, आणि कराचे 200. सरळ 1,000 मागावे असं वाटतं, पण तसं नाही. तो एक दिवस परत मिळाला की मूळ पगारही वाढतो आणि त्यावरचा 12 टक्के पीएफही. 29 दिवसांच्या मूळ पगारावर, म्हणजे 13,920वर, पीएफ 1,670 कापला गेला. 30 दिवसांच्या 14,400वर तो 1,728 व्हायला हवा. म्हणजे 58 रुपये हातात न येता तुमच्या पीएफ खात्यात जाणार. हातात यायचे ते 942. हजार मागितले तर पेरोल ‘तुमचा आकडा जुळत नाही’ म्हणून मेल परत पाठवेल आणि त्यात आठवडा जाईल.

भागाकार 31ने की 26ने, हे कंपनीगणिक बदलतं. नेमणूकपत्रात नसेल, तर पूर्वी बिनपगारी रजा पडलेलं एखादं पत्रक काढा; त्यावरून कळतं.

मग मेल असा :

विषय : जुलै 2025 पगारपत्रकात दुरुस्ती – कर्मचारी क्रमांक (तुमचा) – फरक 942 रु.

महोदय/महोदया,
माझ्या जुलै 2025च्या पगारपत्रकात दोन चुका आहेत.

1) पेड डेज 29 दाखवले आहेत, 30 हवेत. 22 जुलैची बिनपगारी रजा मला मान्य आहे. 14 जुलैला मी पूर्ण वेळ कामावर होते; संध्याकाळचा पंच नोंदलेला नाही. सुपरवायझरची खात्री सोबत जोडली आहे.
2) व्यवसाय कर 200 रु. कापला आहे. मी महिला कर्मचारी असून माझा मासिक पगार 25,000 रुपयांच्या आत आहे, त्यामुळे हा कर लागू नाही.

पत्रकाप्रमाणे : एकूण 23,200, पीएफ 1,670, व्यवसाय कर 200, हाती 21,330.
हवे ते : एकूण 24,000, पीएफ 1,728, व्यवसाय कर 0, हाती 22,272.
फरक : 942 रु.

हा फरक ऑगस्टच्या पगारात द्यावा आणि व्यवसाय कराची नोंद पुढील महिन्यांसाठीही दुरुस्त करावी.

सोबत पत्रक, 14 जुलैच्या हजेरीचा स्क्रीनशॉट आणि सुपरवायझरची खात्री जोडा. आधार किंवा बँक पासबुक जोडायची गरज नाही. मेलची प्रत इथल्या एचआरला ठेवा. रकान्यांची नावं पत्रकावर आहेत तशीच लिहा. मेल पगार झाल्या झाल्या टाका, कारण पुढच्या पगाराची हजेरी महिना संपण्याआधीच बंद होते.

खर्च म्हणाल तर मेलला काही नाही. हेच काम प्रत्यक्ष जाऊन करायला अर्धा दिवस सुटी टाकली, तर 400 रुपये बुडतात आणि हातात लेखी पुरावाही राहत नाही. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर पुन्हा लिहा, नवा मेल सुरू करू नका. तारखांची साखळी एकाच जागी राहते. तेही फुकट गेलं तर कामगार आयुक्तांच्या स्थानिक कार्यालयात हीच साखळी छापून न्यायची. पत्रकावर पीएफ कापलेला दिसतो पण पासबुकात जमा नाही, असं असेल तर प्रकरण वेगळं. कंपनीने तो पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. त्यासाठी पीएफचं प्रादेशिक कार्यालय अकोल्यात आहे, पण आधी ऑनलाइन तक्रार करा. तिला पैसे लागत नाहीत आणि बडनेऱ्याहून गाडी पकडून जाण्याचा दिवसही वाचतो.

ऑगस्टचं पत्रक आलं की पुन्हा एकदा नीट पाहा. 800 रुपये ‘एरिअर्स’ म्हणून येतील आणि महिना पूर्ण भरला असेल तर एकूण पगार 25,600 दिसेल. हा आकडा 25,000च्या वर गेला म्हणून सॉफ्टवेअर ऑगस्टचा व्यवसाय कर आपोआप 200 कापू शकतं, म्हणजे परत मिळालेले 200 त्याच हाताने गेले. म्हणून मेलच्या शेवटी आणखी एक ओळ घाला : ‘हे 800 रु. जुलैच्या पगाराचे आहेत. ते ऑगस्टच्या पगारात मिळवून व्यवसाय कर आकारू नये.’