लॅपटॉप ऑनलाइन की दुकानातून? कागदावर आकडे मांडून बघू

मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न एकच होता: "सर, धंद्यासाठी लॅपटॉप घ्यायचाय, ऑनलाइन स्वस्त पडतो का?" नुसतं हो किंवा नाही सांगून यात काही उपयोग नाही, म्हणून आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा हिशोबच मांडतो. ताई कराडजवळ मसाल्याचा धंदा करतात आणि त्यांच्याकडे रेग्युलर जीएसटी नोंदणी आहे. जुन्या लॅपटॉपचं बिजागर तुटलं होतं आणि २० तारखेला रिटर्न भरायचं होतं. त्यातच मिरचीचा सीझन तोंडावर, म्हणजे रोख पैसा हातात हवाच.

ऑनलाइन किंमत होती ५२,०००, सहा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय आणि जुन्या लॅपटॉपवर "६,५०० पर्यंत" एक्सचेंज. त्याच मॉडेलचा दुकानातला भाव ५४,५००. बघताक्षणी वाटतं, ऑनलाइनच घ्यावा. पण थांबा.

आधी ईएमआय बघू. 'नो कॉस्ट' म्हणजे बँक व्याज सोडते असं नाही. बँक व्याज लावतेच, फक्त तेवढीच रक्कम विक्रेता आधी डिस्काउंट म्हणून कापतो. ताईंच्या कार्डावर दर १५ टक्के होता. म्हणून ५२,००० मधून साधारण २,२०० रुपये डिस्काउंट गेले, बँकेत कर्ज झालं ४९,८०० चं, आणि व्याज धरून सहा हप्त्यांत परत ५२,०००. इथपर्यंत बरोबर. पण त्या २,२०० व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३९६ रुपये. प्रोसेसिंग फी १९९, तिच्यावर जीएसटी ३६. हे ६३१ रुपये डिस्काउंटमध्ये येत नाहीत, ते कार्डाच्या बिलात दिसतात. म्हणजे खरी किंमत ५२,६३१. आणि जिथे एका रकमेत पैसे भरल्यावर वेगळी सूट मिळते, तिथे ईएमआय घेतला की ती सूट जाते का हेही बघा. जात असेल तर तीही ईएमआयच्याच खर्चात धरायची. शून्य टक्के व्याज नावाचं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं.

दुकानात हाच खेळ वेगळ्या नावाने चालतो. फायनान्सवाला म्हणतो "बारा-चारची स्कीम आहे". म्हणजे बारा हप्ते, त्यातले चार आजच डाउन पेमेंट म्हणून भरायचे. कर्ज खरं आठच महिन्यांचं असतं. या स्कीमसाठी दुकानदाराला आपल्या मार्जिनमधून फायनान्स कंपनीला पैसे द्यावे लागतात. म्हणून काउंटरवर सरळ विचारायचं: "दादा, फायनान्सचा रेट राहू दे, एकरकमी दिले तर कितीला?" ताईंनी विचारलं, ५४,५०० चे ५३,००० झाले.

आता एक्सचेंज. ऑनलाइन "पर्यंत" हा शब्द लहान अक्षरात असतो. ताईंनी प्रश्नांची उत्तरं खरी दिली, बिजागर तुटलंय असं टिकलं, आणि ६,५०० चे २,८०० झाले. काही जण खोटं उत्तर देतात. मग घरी आलेला माणूस मशीन तपासतो आणि जुना लॅपटॉप नाकारतो. अशा वेळी फरक तिथेच भरा नाहीतर डिलिव्हरी परत, असं होतं. दुकानदाराने मात्र ४,००० दिले, कारण त्याला बिजागराशी घेणं नाही, आतली रॅम, एसएसडी आणि स्क्रीन दुरुस्तीत वापरता येतात. तुटकंफुटकं मशीन असेल तर दुरुस्ती करणाऱ्या दुकानात भाव बरा मिळू शकतो, हे लक्षात असू द्या.

एक गोष्ट बिलाची. दुकानदार ५३,००० वजा ४,००० असं करून ४९,००० चं बिल बनवायला निघाला होता. बिल पूर्ण ५३,००० चं, धंद्याच्या नावाने आणि तुमच्या जीएसटी नंबरसह हवं, जुना लॅपटॉप वेगळा दाखवायचा. ५३,००० मध्ये जीएसटी साधारण ८,०८५ असतो, तो क्रेडिट म्हणून मिळतो. ४९,००० वर मिळाला असता ७,४७५. ऑनलाइन घेताना नंबर ऑर्डर टाकण्याआधीच भरायचा, नंतर बिल बदलून घेणं जिकिरीचं होतं. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर हे क्रेडिट मिळत नाही, हा परिच्छेद सोडून द्या. आणि जुना लॅपटॉप धंद्याच्या पुस्तकात असेल तर तो दिल्याचं सीएना सांगा.

आता बेरीज. ऑनलाइन ईएमआयने ५२,६३१ वजा २,८०० म्हणजे ४९,८३१. दुकानात रोख ५३,००० वजा ४,००० म्हणजे ४९,०००. फरक ८३१ रुपये. खरं सांगतो, सहा महिने रक्कम हातात ठेवायला ८३१ रुपये महाग नाहीत. मिरची भाव कमी असताना उचलता आली तर ते सहज वसूल होतात. पैशापुरतं बोलायचं तर मी ईएमआयच घ्या म्हटलं असतं.

पण ताईंकडे मशीन एकच आहे. म्हणून रिटर्न पॉलिसी. त्या ऑनलाइन पानावर लिहिलं होतं "७ दिवस सर्व्हिस सेंटर रिप्लेसमेंट". याचा अर्थ सात दिवसांत पैसे परत, असा नाही. बिघाड निघाला तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून तो खरा असल्याचा कागद आणायचा, मग बदलून मिळणार, आणि "आवडला नाही" हे कारण चालणार नाही. सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. अडवलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण २० तारीख त्यासाठी थांबत नाही. शिवाय ईएमआयवर घेतलेली वस्तू परत केली तर रिफंड कार्डात येतो, पण हप्ते आपोआप थांबले का हे बँकेला फोन करून खात्री करा. प्रोसेसिंग फी सहसा परत मिळत नाही.

दुकानातही खोका फोडल्यावर परत घेत नाहीत, म्हणून तपासणी काउंटरवरच करायची. खोक्यावरचा, मशीनच्या खालचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळतो का बघा. तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल बनते. तिच्यात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY हे दोन आकडे जवळजवळ सारखे हवेत, आणि CYCLE COUNT दिसत असेल तर तो अगदी कमी. ताईंच्या समोर फोडलेल्या पहिल्या पीसची वॉरंटी पाच महिन्यांपूर्वीच सुरू झालेली निघाली. डेमोला ठेवलेला पीस होता. दुकानदार म्हणाला, "चालतंय की ताई, नवीनच आहे." ताई म्हणाल्या, "मग दुसरा काढा." दुसरा काढला, तपासला, तोच घेतला.

जुना लॅपटॉप देण्याआधी त्यांनी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला आणि टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून सरेंडर केलं, नाहीतर नव्यावर सुरू करताना अडचण येते. मग Settings मध्ये System, Recovery, Reset this PC, आणि तिथे Remove everything. रिटर्न १९ तारखेला भरून झालं. मिरचीसाठी व्यापाऱ्याकडून पंधरा दिवसांची उधारी घेतली.

तुमच्या गावात सर्व्हिस सेंटर असेल आणि हाताशी दुसरं मशीन असेल, तर याच आकड्यांवर ऑनलाइनचा ईएमआय निवडायला माझी हरकत नाही.