छायाचित्रातील ओठांचा रंग

छायाचित्र सुधारताना ओठ थोडे उजळावेत अशी इच्छा पुष्कळांना होते. परंतु हात जरा पुढे गेला की ते चेहऱ्याचे न राहता वरून चिकटविल्यासारखे दिसतात. याचे कारण असे की, ओठ हा एका रंगाचा सपाट तुकडा नव्हे. प्रकाश वरून पडत असला की वरचा ओठ सावलीत राहतो, खालचा उजेड झेलतो, आणि कोपऱ्यांकडे रंग विरत जातो. तांबडा रंग नुसता फासला म्हणजे हा चढउतार आणि बारीक रेघा झाकल्या जातात. म्हणून उजेड-सावली तशीच ठेवून केवळ रंग बदलावा.

उदाहरणादाखल, दुपारच्या उजेडात टिपलेले एका वृद्ध बाईंचे छायाचित्र घेऊ. ओठ फिकट पडले आहेत व त्यांची रुंदी सुमारे ४०० पिक्सेल आहे. फोटोशॉपमध्ये आम्ही नवा थर घेऊन त्याची पद्धत Color ठेवतो. या पद्धतीत खालच्या चित्राचा उजेड कायम राहतो. रंग बाहेरून न आणता त्यांच्याच खालच्या ओठाच्या गडद भागातून उचलावा व किंचित तांबूस करावा. मऊ कुंचल्याने कडेच्या थोडे आतच रंगवावे, मग त्या थरावर Gaussian Blur ४-५ पिक्सेल द्यावा. शेवटी Opacity शंभरावरून उतरवीत न्यावी. येथे पंचवीस-तीसच्या आसपास पुरे झाली. दातांवर रंग सांडला असल्यास पुसावा.

आता ठळकपणा. ओठांभोवती रेघ ओढू नये. खऱ्या ओठाला तशी रेघ नसते. दुसरा थर ५०% करड्या रंगाने भरून त्याची पद्धत Soft Light करावी. या पद्धतीत हा करडा रंग स्वतः दिसत नाही. त्यावर अगदी क्षीण काळ्या कुंचल्याने दोन ओठांमधील फट आणि खालच्या ओठाखालची सावली किंचित गडद करावी. पांढऱ्याने, मूळचीच झळाळी असेल तेथे, एखादा हात फिरवावा. नवी झळाळी निर्माण करू नये, कारण ती चेहऱ्यावरील प्रकाशाच्या दिशेशी जुळत नाही.

पारख सोपी आहे. ओठ मोठे करून पाहत काम केले की डोळा सरावतो. तेव्हा दहा मिनिटे उठून जावे, मग पूर्ण चित्र छापावयाच्या आकारात पाहावे. नजर डोळ्यांऐवजी प्रथम ओठांवर गेली तर रंग जास्त झाला आहे असे समजून Opacity आणखी उतरवावी.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. चित्र कृष्णधवल छापावयाचे असेल तर Color थराचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो, कारण उजेड बदललेलाच नसतो. तेथे दुसऱ्या थरावरच भिस्त ठेवावी.