वीस टॅबलेट आणि एक इन्व्हर्टर

प्रश्न : रिसोड तालुक्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेत २० टॅबलेट आहेत. सगळे एकदम चार्जिंगला लावले की ३०० वॅटचा इन्व्हर्टर बीप देऊन बंद पडतो. काय करावे?

उत्तर : सर, आधी हिशेब बघू. १० वॅटचा चार्जर बोर्डावरून साधारण १२ वॅट ओढतो. विसांचे झाले २४०. त्याच इन्व्हर्टरवर ७५ वॅटचा पंखा असेल, तर बेरीज ३१५ होते. शिवाय सगळे चार्जर एकाच बटणाने सुरू केले, की पहिल्या क्षणी जोराचा झटका बसतो, तो वेगळाच.

म्हणून रॅकवर दहा-दहाचे दोन बोर्ड करा, प्रत्येकाला स्वतंत्र बटण द्या. बोर्डाला बोर्ड जोडू नका. पहिला गट ८० टक्क्यांवर आला की बॅटरी आपोआप कमी करंट घेऊ लागते. त्यानंतर दुसरा गट लावा. वाट पाहायला माणूस नसेल, तर टायमर सॉकेट बसवा.

केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवा, तोच टॅबलेटवर आणि कप्प्यावर. वर पारदर्शक टेप लावा, नाहीतर शाई महिन्यात पुसते. ‘Charging slowly’ दिसले, तर शेजारची केबल लावून पाहा. वेग वाढला तर दोष केबलचाच. क्रमांकामुळे ती लगेच बाजूला काढता येते.

टॅबलेट एकावर एक रचू नका, उभे ठेवा. वाशीमच्या मे महिन्यात पत्र्याखालची खोली दुपारी इतकी तापते, की गरम बॅटरी चार्जिंगच थांबवते. त्या दिवसांत चार्जिंग सकाळीच उरका.