नव्या उत्पादनाचा मजुरीखर्च : अंदाज कसा बांधावा?

कारखान्यात एखादी वस्तू प्रथमच बनू लागते, तेव्हा पहिल्या नगास लागणारे श्रम आणि पन्नासाव्या नगास लागणारे श्रम यांत मोठे अंतर असते. कामावरच्या प्रत्येक फोरमनला हे ठाऊक असते. तरीही निविदेचा दर ठरविताना किंवा तो तपासताना पहिल्या काही नगांचे तास मोजले जातात आणि त्यांना सरळ नगसंख्येने गुणले जाते. या गुणाकारामुळे कधी खरेदीदारास अकारण जादा पैसे मोजावे लागतात, तर कधी अनुभवाचा अतिरेकी भरवसा धरणारा लहान कारखानदार तोट्यात जातो.

नियम काय सांगतो?

अमेरिकेतील विमान-अभियंता टी. पी. राइट यांनी १९३६ साली विमानांच्या उत्पादनखर्चाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, एकूण उत्पादन दुप्पट झाले की दर विमानामागील सरासरी श्रम सुमारे ८० टक्क्यांवर येतात. पुन्हा दुप्पट झाले की त्याचेही ८० टक्के होतात. आलेखावर मांडल्यास आरंभी वेगाने उतरणारी व पुढे मंदावत जाणारी एक रेषा मिळते. तिलाच अध्ययनवक्र म्हणतात.

येथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, घट ठरावीक काळाने होत नाही, तर उत्पादन दुप्पट झाल्याने होते. दहाचे वीस होण्यास दहा नग पुरतात; चाळीसाचे ऐंशी होण्यास चाळीस लागतात. दुसरी अशी की, राइट यांची सरासरी ही पहिल्या नगापासूनच्या सर्व नगांची सरासरी आहे. नंतर बनणाऱ्या नगांचे तास तिच्याहून बरेच कमी असतात.

एक उदाहरण

समजा, औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने मळणी यंत्रे बनविण्यास आरंभ केला. पहिल्या दहा यंत्रांना १,२०० तास लागले, म्हणजे सरासरी १२० तास. सर्व भत्ते धरून मजुरी ताशी १०० रुपये आहे. आता एका खात्याकडून आणखी तीस यंत्रांची मागणी आली. मजुरी किती धरावी?

सरळ गुणाकाराने ३,६०० तास, म्हणजे ३,६०,००० रुपये होतात. ८० टक्क्यांचा वक्र लावला तर हिशेब निराळा येतो. वीस यंत्रांची सरासरी ९६ तास आणि चाळीस यंत्रांची ७६.८ तास होईल. म्हणजे चाळीस यंत्रांना मिळून ३,०७२ तास लागतील. त्यांतून आधीच खर्ची पडलेले १,२०० तास वजा केले की नव्या तीस यंत्रांसाठी १,८७२ तास उरतात. मजुरी १,८७,२०० रुपये होते. दोन अंदाजांतील तफावत १,७२,८०० रुपयांची आहे.

ही वजाबाकीची पायरी पुष्कळदा विसरली जाते. ७६.८ हा आकडा थेट तीसने गुणला तर २,३०४ तास येतात. परंतु पहिल्या दहा यंत्रांचे जादा श्रम त्या सरासरीत मिसळलेले असल्याने हा अंदाजही फुगलेलाच असतो.

८० टक्के कोठून आले?

वरील हिशेबाचा सारा भार ८० या आकड्यावर आहे आणि तो सर्वत्र लागू पडत नाही. श्रम कमी का होतात, हे पाहिले म्हणजे कारण उमगते. कारागिराचा हात बसतो, हा त्यातील एकच भाग होय. नकाशातील चुका दुरुस्त होतात, कामाचा क्रम ठरतो, भाग पकडून ठेवणारी जिग व फिक्श्चर तयार होतात, सुटे भाग वेळेवर हाताशी येऊ लागतात आणि बिघडलेले काम पुन्हा करण्याचे प्रमाण घटते. जुळणीसारख्या हातकामात या सर्व गोष्टींना वाव असतो. लेथवरील कातकामाचा वेग मात्र यंत्र व धातू ठरवितात. तेथे कारागिराच्या अनुभवाने फारसे तास वाचत नाहीत. ज्या वस्तूत यंत्रकामाचा वाटा मोठा, तिचा वक्र ९० टक्क्यांच्या आसपास असणे संभवते.

आपल्या उदाहरणात ९० टक्के धरले तर चाळीस यंत्रांची सरासरी ९७.२ तास आणि एकूण तास ३,८८८ होतात. नव्या तीस यंत्रांना २,६८८ तास लागतील. कारखानदाराने १,८७२ तास गृहीत धरून दर दिला असेल, तर ८१६ तासांची, म्हणजे ८१,६०० रुपयांची मजुरी त्यास पदरची भरावी लागेल. दहा यंत्रांचा अनुभव असलेल्या लहान उद्योगाचे खेळते भांडवल एवढ्यानेच आटू शकते.

म्हणून टक्केवारी पुस्तकातून न घेता हजेरी व कामाच्या नोंदींतून काढावी. प्रत्येक दहा यंत्रांचे तास वेगळे लिहून ठेवावेत. दुसऱ्या दहांना ७२० तास लागले, तर वीस यंत्रांची सरासरी ९६ येते व वक्र ८० टक्क्यांचा ठरतो. ९६० तास लागले, तर सरासरी १०८ येते व वक्र ९० टक्क्यांचा ठरतो. ही नोंद हाती येईपर्यंत मोठ्या मागणीचा पक्का दर देऊ नये. शक्य असल्यास मागणीचे दोन टप्पे करून दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या नोंदींवरून ठरवावा. हे दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे.

अनुभव ओसरतो तेव्हा

वक्र खालीच जात राहील, हे गृहीतही धोक्याचे आहे. लॉकहीड कंपनीच्या ट्रायस्टार विमानाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास मागणी घटल्याने उत्पादन कमी करण्यात आले. पुढे दर विमानामागील श्रम घटण्याऐवजी वाढले. या विमानाच्या नोंदींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मिळविलेला अनुभव काळाबरोबर झिजतो, असे त्यातून दिसून आले. एकूण २५० विमाने बनवून हा प्रकल्प तोट्यातच संपला.

लहान कारखान्यातही हेच घडते. दोन मागण्यांमध्ये वर्षभराचा खंड पडला आणि जाणते कारागीर दुसरीकडे गेले, तर एक्केचाळिसावे यंत्र चाळिसाव्याच्या तासांत होत नाही. आराखड्यातील एखादा भाग बदलला तर त्या भागापुरता अनुभव पुन्हा पहिल्यापासून मिळवावा लागतो. अशा वेळी अंदाज बांधताना अनुभवाचे काही नग वजा धरणे इष्ट होय.

नगावारी मजुरीचा प्रश्नही याच वक्राशी निगडित आहे. आरंभीच्या तासांवरून कायमचा दर ठरविला, तर पुढे कारागिराची कमाई वाढते व मालक दर कापू पाहतो. मग कारागीर मुद्दाम हात आखडता घेतो आणि वक्र तेथेच थांबतो. त्यापेक्षा आरंभीच्या नगांसाठी तासावारी मजुरी द्यावी, कामाचा वेग स्थिरावल्यावरच नगावारी दर ठरवावा आणि हे कारागिरांना आधी सांगावे.

अखेरीस एक मर्यादा. हा सारा हिशेब श्रमाच्या तासांचा आहे. पोलाद, बेअरिंग व मोटर यांच्या किमती कारागिराच्या अनुभवाने उतरत नाहीत. त्यामुळे दरपत्रक तपासणाऱ्याने साहित्य आणि मजुरी यांचे आकडे प्रथम वेगळे मागावेत आणि वक्र केवळ मजुरीलाच लावावा.