तेजी आली, पण फार लवकर

डायगोनल स्प्रेडमध्ये बाजार आपल्या बाजूने जाऊनही पैसे जाऊ शकतात, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. निफ्टी आठवड्यात सातशे अंकांनी वर गेला, मी तेजीत होतो, आणि खात्यात उणे आकडा होता. त्याचा हिशेब इथे मांडतो. आकडे सोपे व्हावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

रचना अशी असते. महिनाभर मुदत असलेला खालच्या स्ट्राइकचा कॉल विकत घ्यायचा आणि आठवड्यात संपणारा वरच्या स्ट्राइकचा कॉल विकायचा. जवळचा कॉल भराभर झिजतो, दूरचा सावकाश. बाजार हळूहळू विकलेल्या स्ट्राइककडे सरकला की विकलेला कॉल शून्याकडे जातो आणि घेतलेला वाढतो. दर आठवड्याला नवा कॉल विकत राहायचं, म्हणजे दूरच्या कॉलचा खर्च हप्त्याहप्त्याने वसूल होतो.

निफ्टी 25,000 वर होता. मी महिन्याचा 25,000 चा कॉल 442 ला घेतला आणि आठवड्याचा 25,200 चा कॉल 90 ला विकला. खिशातून गेले 352. दोन स्ट्राइकमधलं अंतर 200. या दोन आकड्यांकडे मी तेव्हा पाहिलंच नाही. माझं लक्ष नव्वदच्या प्रीमियमवर होतं. निफ्टी आठवड्याअखेर 25,150 ला आला असता तर 352 वर साधारण 115 अंक सुटले असते. आठवड्यात तीस टक्क्यांच्या वर परतावा दिसत असेल तर कुणाचाही हात पुढे जाईल.

निफ्टी गेला 25,700 ला. विकलेला कॉल 500 चा झाला. घेतलेला किती झाला असेल? 25,000 च्या कॉलला 700 तर आतलं मूल्य होतंच, शिवाय तीन आठवडे बाकी होते. पण चढत्या बाजारात भीती ओसरते आणि इम्प्लाइड व्होलॅटिलिटी उतरते. ती 13 वरून 10 वर आली होती, आणि कॉलही आता खूप आत गेला होता, त्यामुळे त्याच्यावरचं वेळेचं मूल्य आटलं होतं. तो 830 ला मिळत होता. 830 वजा 500, म्हणजे 330. घातले होते 352. बावीस अंक गेले. तेव्हाच्या 75 च्या लॉटला 1,650 रुपये, वर दलाली आणि कर.

रक्कम मोठी नाही. पण निफ्टी आणखी वर गेला असता तर स्थिती सुधारली नसती. दोन्ही कॉल खोल आत गेले की दोघे जवळपास सारखेच वाढतात आणि त्यांच्यातला फरक स्ट्राइकच्या अंतराकडे, म्हणजे 200 कडे, घसरत जातो. 352 देऊन 200 कडे निघालेली वस्तू मी घेतली होती, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून आता ऑर्डर टाकण्याआधी एक वजाबाकी करतो: स्ट्राइकमधलं अंतर वजा एकूण खर्च. उत्तर धन आलं पाहिजे. त्याच दिवशी 24,500 चा महिन्याचा कॉल 765 ला होता आणि 25,300 चा आठवड्याचा 60 ला. खर्च 705, अंतर 800, वजाबाकी अधिक 95. निफ्टी कितीही वेगाने वर गेला तरी या रचनेत तोटा होत नाही. 25,700 ला तर यात चांगला फायदा होता. संथ चढाईत, म्हणजे 25,150 ला, इथेही साधारण 120 अंक सुटतात. फक्त ते 352 ऐवजी 705 वर सुटतात, म्हणून टक्केवारी निम्मी दिसते. स्वस्त डायगोनल मोहात पाडतो तो या टक्केवारीमुळेच.

पण खोलातला कॉल घेतला म्हणजे सगळं सुरक्षित झालं, असं कुणी समजू नये. निफ्टी जागच्या जागी 25,000 ला राहिला तर दूरचा कॉल आठवड्यात 57 अंक झिजतो आणि जवळच्यातून 60 मिळतात. हाती तीन अंक, तेही खर्चात जातात. आणि निफ्टी 24,600 ला घसरला तर स्वस्त रचनेत सुमारे 155 अंक जातात, या रचनेत 275. वरच्या वेगापासून मिळालेलं संरक्षण आपण खालच्या बाजूला जास्त पैसे टांगून विकत घेतलेलं असतं. त्यामुळे बाजार चढेल असं खरोखर वाटत असेल तेव्हाच ही रचना; नुसती झीज खायची म्हणून नको. (नुसती झीज खाणारे मला भेटले आहेत. त्यांच्या गोष्टी बऱ्या चालू असेपर्यंतच ऐकायला मिळतात.)

स्ट्राइक निवडताना आणखी एक गोष्ट. दूरच्या मुदतीत, खोल आत, 24,650 सारख्या अधल्यामधल्या स्ट्राइकला घेणारा आणि विकणारा यांच्या भावात मोठी दरी असते. येताजाता तीच दरी आठवड्याची अर्धी कमाई गिळते. पाचशे आणि हजाराच्या पटीतले स्ट्राइक त्या मानाने बरे.

आता एक्स्पायरीचा दिवस. इतर दिवशी दूरचा कॉल विकलेल्या कॉलला आधार धरला जातो आणि मार्जिन कमी लागतं. पण सेबीच्या ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे, फेब्रुवारी 2025 पासून, त्या दिवशी संपणाऱ्या करारांना वेगवेगळ्या मुदतींमधल्या स्प्रेडची ही सवलत मिळत नाही. म्हणजे मंगळवारी सकाळी माझा विकलेला कॉल उघडा धरला जातो आणि एका लॉटला लाखाहून जास्त मार्जिन मागितलं जातं. खात्यात तेवढी शिल्लक नसली की दंड लागतो, किंवा दलाल आपल्या मर्जीने सौदा मोडतो, तोही सकाळच्या विस्कटलेल्या भावात. एका ओळखीच्या गृहस्थांचं असंच झालं: दलालाच्या यंत्रणेने आधी दूरचा कॉल विकला आणि काही मिनिटं त्यांच्याकडे नुसता विकलेला कॉल राहिला.

म्हणून मी सोमवारीच, दुपारी तीनच्या आत, विकलेला कॉल परत घेतो. शेवटच्या दिवसाची झीज सोडून द्यावी लागते, ती खुशाल सोडतो. क्रम मात्र कायम ठेवतो: आधी विकलेला परत घ्यायचा, मग दूरच्याला हात लावायचा.

नवा आठवडा विकण्याआधी तीच वजाबाकी पुन्हा. 765 मधून मिळालेले 60 गेले, राहिले 705. पुढचा कॉल 25,450 चा विकला तर अंतर 950. भरपूर जागा आहे. पण बाजार पडला आणि प्रीमियम मिळावा म्हणून मी 25,000 चा विकायला गेलो, तर अंतर 500 आणि अडकलेले 705. मग उसळी आली की पहिल्या गोष्टीचीच पुनरावृत्ती. अशा वेळी मी काही विकत नाही. दूरचा कॉल ठेवायचा की काढायचा एवढंच ठरवतो.

आणि महिन्याच्या कॉलला दहाएक दिवस उरले की पूर्ण पोझिशन बंद करतो. तोपर्यंत दोन मुदतींच्या झिजेतला फरकच उरलेला नसतो, आणि हातात राहतो तो साधा बुल कॉल स्प्रेड, जो मी त्या भावाला मुद्दाम कधीच घेतला नसता.