बदली वस्तूला ‘हो’ म्हणण्याआधी

गणेश चतुर्थीच्या सकाळी मोदकांचं सामान अ‍ॅपवरून मागवलं आणि भलतंच आलं, असं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, “आदल्या दिवशीच आणून ठेवायचं ना!” मागवताना सगळ्या वस्तू ‘उपलब्ध’ दिसत होत्या आणि पैसे आधीच कापून घेतले होते. मग चूक माझी कशी?

मागवलं होतं ते असं: सुवासिक तांदळाची मोदक पिठी, साधा गूळ आणि 2 नारळ. पिशवीतून निघालं साधं तांदळाचं पीठ आणि चिक्कीचा गूळ. नारळ नव्हतेच, बिलात मात्र होते.

पीठ चिमटीत घेऊन चोळलं तेव्हाच कळलं. मोदकाची पिठी बोटांना जवळजवळ लागतच नाही, हे रव्याळ होतं. भाकरी, घावन यांना ते उत्तम. पण उकडीला जेवढ्यास तेवढं पाणी घालून, तूप-पाण्याचा हात लावून कितीही मळलं तरी पारी कडेला चिरते आणि कळ्या पाडायला जावं तर तुटतात. आमच्याकडे तेच झालं. गुळाचंही तसंच. चिक्कीचा गूळ पाकाला कडक होण्यासाठीच असतो. त्याचं सारण गार झालं की चिवट होतं. नावात ‘गूळ’ आहे म्हणून तो साध्या गुळाच्या जागी चालेल, असं स्वयंपाकघरात कधी उभा न राहिलेला माणूसच ठरवू शकतो.

खरं तर माणूस ठरवतही नाही. अ‍ॅपच्या गोदामात सामान भरणारा मुलगा फोनवरची यादी बघत फडताळावरून वस्तू उचलतो. पडद्यावर एक पाकीट शिल्लक दिसतं, पण ते फाटलेलं असतं किंवा भलत्याच खणात गेलेलं असतं. मग ‘तांदळाचं पीठ’ या एकाच गटातली दुसरी वस्तू पुढे येते. त्या मुलावर माझा राग नाही.

राग आहे तो तक्रारीच्या चॅटवर बसलेल्यांवर. “मॅडम, रिप्लेसमेंटला तुमची संमती आहे.” कुठे दिली? शोधल्यावर सापडलं: पैसे भरायच्या पानावर अगदी तळाशी एक चौकोन, त्यात बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली. मी ती केलेली नव्हती. ई-कॉमर्ससाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की ग्राहकाची संमती त्याच्या स्वतःच्या कृतीतूनच घ्यायची. आधीच खूण केलेल्या चौकोनातून ती घेता येत नाही. हे मी लिहिल्यावर चॅटवरची भाषा एकदम मऊ झाली. तुम्हीही ते वाक्य तयार ठेवा, आणि तो चौकोन दर वेळी बघा. तो ‘वस्तू नसेल तर पैसे परत’ यावर ठेवा.

बदली वस्तू घ्यायची की नाही, हे मी आता एकाच प्रश्नावर ठरवते: ती तशीच वापरायची आहे, की तिचं पुढे काही करायचं आहे? भांड्याचा साबण, बिस्किटं, चहापुरतं दूध यांत दुसरी कंपनी चालते. पीठ, रवा, गूळ, डाळ, विरजणाचं दूध यांत जात बदलली की पदार्थच बदलतो, तिथे सरळ नकार. त्याच कंपनीचं लहान पाकीट आलं तर हरकत नाही, मात्र फरक परत मिळतोय का ते बिलात बघा. घरात कुणाला शेंगदाण्याची किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर घटकांची यादी वाचल्याशिवाय काहीही स्वीकारू नका.

न आलेल्या वस्तूचं भांडण वेगळं. आमचे नारळ दुसऱ्या पिशवीत होते म्हणे, आणि ती पिशवी गोदामातच राहिली. म्हणून सामान देणारा दादा दारात असतानाच विचारा, “पिशव्या किती?” त्याला थांबवून सगळं मोजायला लावू नका, त्याच्या हातात काही नसतं. तो गेल्यावर पिशवीची चिकटपट्टी उघडतानाचा व्हिडिओ घ्या, मग सगळ्या वस्तू जमिनीवर मांडून एकच फोटो काढा. मी तो काढला होता म्हणून नारळाचे पैसे मिळाले. तेही आधी अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये टाकत होते, म्हणजे पुन्हा त्यांच्याकडेच खर्च करा! “ज्या खात्यातून घेतले तिथेच द्या,” हे मला तीनदा लिहावं लागलं.

पिठी आणि गुळाचे पैसे मात्र “पाकीट फोडलं” म्हणून नाकारले. न फोडता पीठ कसं आहे ते कळणार कसं? अशा वेळी चॅट सोडा आणि अ‍ॅपमध्ये तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता शोधा. तो देणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात मिळायला हवा. नाही मिळाला तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बिल, फोटो आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. माझी नोंद झाली आहे.